हक्काची किंमत किती?

मे 2020मध्ये रिलायन्स इंडस्ट्रीजने जवळजवळ 53 हजार कोटी रुपयांचा राइट्स इश्यू आणला. हातातल्या दर 15 शेअरमागे एक नवा शेअर, तोही 1,257 रुपयांना. घोषणेच्या दिवशी, 30 एप्रिलला, बाजारभाव सुमारे 1,467 रुपये होता. म्हणजे एका शेअरमागे 210 रुपये फायदा, असा हिशेब पुष्कळांनी केला. तो चुकीचा आहे, कारण नवे स्वस्त शेअर आले की जुन्यांचाही भाव उतरतो.

किती उतरतो? 15 जुन्या शेअरचे 22,005 रुपये, त्यात नव्याचे 1,257 मिळवा. झाले 23,262. आता शेअर 16 आहेत, म्हणून सोळाने भागा: 1,453.88 रुपये. हाच एक्स-राइट्स भाव, अर्थात कागदावरचा. प्रत्यक्षात त्या दिवशी बाजाराचा मूड भाव आणखी वरखाली करतोच.

‘हक्काची किंमत काढा’ या प्रश्नावर मात्र विद्यार्थी हमखास अडखळतात, कारण उत्तरं दोन निघतात. एका जुन्या शेअरला चिकटलेला हक्क म्हणजे 1,467 वजा 1,453.88, साधारण 13.12 रुपये. एक नवा शेअर घेण्याचा हक्क म्हणजे 1,453.88 वजा 1,257, साधारण 196.88 रुपये. पहिल्याला पंधराने गुणलं की दुसरा येतो. पैशांचा किरकोळ फरक पूर्णांकनाचा. प्रश्न कोणत्या हक्काबद्दल विचारतोय, ते आधी वाचावं. डीमॅट खात्यात ‘आरई’ नावाने जमा होतो तो दुसरा.

आता 150 शेअरवाला भागधारक घ्या. त्याची मालमत्ता 2,20,050 रुपये, हक्क दहा. त्याने 12,570 रुपये भरले तर 160 शेअर होतात आणि त्यांची किंमत 2,32,620, म्हणजे घातले तेवढेच वाढले. हक्क विकले तर शेअरचे 2,18,081 आणि हक्कांचे 1,969, बेरीज पुन्हा 2,20,050. दोन्हीकडे ना नफा ना तोटा. स्वस्तात शेअर मिळाल्याचा आनंद निव्वळ मानसिक आहे, असं माझं स्पष्ट मत.

तोटा होतो तो काहीच न करणाऱ्याचा. भाव उतरलेला आणि हक्क मुदतीनंतर रद्द, म्हणजे 1,969 रुपये गेले.

रिलायन्सने अर्जासोबत 314.25 रुपयेच घेतले, उरलेले 2021मध्ये दोन हप्त्यांत. त्यामुळे आरईचा बाजारभाव आपल्या आकड्याशी तंतोतंत जुळेलच असं नाही. पैसे उशिरा भरण्याच्या सवलतीलाही मोल असतं.

एक व्यावहारिक गोष्ट: आरईची खरेदी-विक्री इश्यू बंद होण्याच्या काही दिवस आधीच थांबते. रिलायन्सची 29 मेला थांबली, इश्यू 3 जूनला बंद झाला. विकायचं असेल तर पहिली तारीख पाहा. आणि बाजारातून आरई विकत घेतला असेल तर अर्ज करून पैसेही भरा, नाहीतर तोही रद्द होतो.