मीठ तीन चमचे, पण कोणते चमचे?

रमजानच्या महिन्यात स्वयंपाकघरात एक गोष्ट इतर अकरा महिन्यांपेक्षा वेगळी असते. रांधणारी बाई चव घेत नाही. गरज असेल तर जिभेच्या टोकावर चव घेऊन थुंकून टाकण्याची सवलत फिकहच्या पुस्तकांत आहे, पण आमच्याकडच्या बहुतेक बायका ती घेत नाहीत. हाताच्या अंदाजावर मीठ पडते आणि ते बरोबर पडले की नाही, हे इफ्तारच्या वेळी सगळे दस्तरखानावर बसल्यावरच कळते.

ज्यांचा हात बसलेला आहे त्यांचे ठीक आहे. पण नवी सून, शिकायला बाहेरगावी राहणारी मुलगी किंवा शेजारची हौशी काकू वहीत पाहून करते. तिला मधे चाखून चूक सुधारता येत नाही, म्हणून रमजानच्या पदार्थांची वही इतर वह्यांपेक्षा जास्त नेमकी लागते. आमच्या मोहल्ल्यातल्या बायकांच्या पाककृती एकत्र करून ईदच्या आधी छापायच्या असे ठरले आणि ते हस्तलिखित तपासायचे काम माझ्याकडे आले. शुद्धलेखन पाहण्याआधी तीन गोष्टी पाहायच्या होत्या: प्रमाण, माप आणि कृतीचा क्रम.

भांडे मोजा, चमचा सापडतो

पहिले पान खिचड्याचे होते. खिचडा म्हणजे गहू, डाळी आणि मटण एकत्र शिजवून, घोटून केलेला दाट पदार्थ. बिगरमुस्लिम वाचकांना त्याचा भाऊ हलीम नावाने जास्त माहीत असेल. साहित्य असे लिहिलेले होते: मटण १ किलो, गहू अर्धा किलो, डाळी पाव किलो, कांदे अर्धा किलो, तेल-तूप मिळून पाव किलो, मीठ ३ चमचे. खाली लिहिले होते, ‘४ जणांसाठी’.

यातले ‘३ चमचे’ म्हणजे किती? चहाचा सपाट चमचा घेतला तर ५ ते ६ ग्रॅम मीठ मावते. जेवणाचा मोठा चमचा सपाट भरला तर १७-१८ ग्रॅम. म्हणजे एकाच ओळीचे दोन अर्थ, आणि त्यांत तिपटीचा फरक. अशा वेळी बाईला विचारण्याआधी भांड्याला विचारावे. तयार मसालेदार पदार्थात मीठ साधारण वजनाच्या एक टक्का असते, म्हणजे किलोला १० ग्रॅम. कोणाला थोडे कमी लागते, कोणाला थोडे जास्त, पण ते फार हलत नाही.

आता बेरीज करू. वरच्या सगळ्या जिनसा मिळून अडीच किलो होतात. गहू आणि डाळी शिजताना साधारण तेवढेच पाणी धरून ठेवतात. म्हणजे तयार खिचडा ५ किलोच्या आसपास, आणि त्याला मीठ ५० ग्रॅम. चहाचे ३ चमचे म्हणजे २० ग्रॅमही नाही, खिचडा अगदी अळणी होईल. मोठे ३ चमचे म्हणजे ५० च्या थोडे वर, हे जुळते. मग पाककृती देणाऱ्या खालांना विचारले, “खाला, मिठाचा चमचा कोणता?” त्या म्हणाल्या, “अगं, डब्यातलाच!” तो चमचा मागवला. पोहे खायचा होता, पण खाला तो शिगोशीग भरतात. तोलला तर १७ ग्रॅम भरला. छापताना ‘मीठ ५० ग्रॅम (जेवणाचे ३ मोठे सपाट चमचे)’ असे लिहिले. खडे मीठ वापरणाऱ्यांनी चमच्यापेक्षा वजनच पाहावे, कारण खड्यांमध्ये पोकळी राहते आणि तोच चमचा हलका भरतो.

त्याच बेरजेने दुसरी चूकही वर आली. ५ किलो खिचडा चार जणांना कसा होईल? मोठा वाडगा ३५० ते ४०० ग्रॅमचा धरला तरी बारा-तेरा जणांचे होते. खालांनी लिहून देताना घरातली माणसे मोजली होती, इफ्तारला शेजारी वाटे जातात ते धरले नव्हते. ‘४ जणांसाठी’ वाचून कोणी दहा जणांसाठी अडीचपट सामान आणले असते, तर देग लागली असती.

छटाक कुठे हरवली?

मापांची चूक शीरखुर्म्याच्या पानावर निघाली. हे पान एका दादींच्या उर्दू वहीतून आले होते. नात वाचून घेत होती आणि मराठीत उतरवत होती. तिने लिहिले होते: दूध १ लिटर, शेवया १ पाव, साखर अर्धा पाव, शिवाय खारीक, बदाम, पिस्ते.

यात गडबड आहे हे ज्याने एकदा शीरखुर्मा प्यायला आहे त्याला लगेच कळेल. लिटरभर दुधात पाव किलो बारीक शेवया घातल्या तर त्या सगळे दूध पिऊन टाकतील आणि पातेल्यात चमचा उभा राहील. शिवाय साखरेच्या दुप्पट शेवया, हेही न पटणारे. तपासताना अशी जोडी पाहावी: दुधाला शेवया किती, शेवयांना साखर किती. एक आकडा एकटा खोटे बोलू शकतो, पण शेजारचा आकडा त्याला उघडे पाडतो.

मूळ वही मागवली. तिथे होते: एक सेर दूध, एक छटाक शेवया, अदपाव साखर. नातीला छटाक हा शब्दच माहीत नव्हता. जुने छोटे माप म्हणजे पावच असणार, असे धरून तिने पाव लिहिले. तिचा दोष नाही. वजनमापांचा दशमान कायदा १९५६ चा, त्यानंतरच्या काही वर्षांत किलो-ग्रॅम बाजारात आले, आणि छटाक आता आजी-आजोबांच्या बोलण्यातच उरली आहे. हिशेब सोपा आहे. शेर म्हणजे ८० तोळे, साधारण ९३३ ग्रॅम. पावशेर २० तोळे, २३३ ग्रॅम. अदपाव १० तोळे, सुमारे ११६ ग्रॅम. छटाक ५ तोळे, ५८ ग्रॅम. म्हणजे छटाकेचा पाव केल्यावर शेवया चौपट झाल्या होत्या.

दुरुस्त करताना एक पथ्य पाळले. दूध शेरावरून लिटरवर नेले म्हणजे थोडे वाढले, तर बाकीचेही त्याच प्रमाणात वाढवायचे. म्हणून शेवया ६० ग्रॅम आणि साखर १२५ ग्रॅम लिहिली. मूळ शब्दही कंसात ठेवले, म्हणजे पुढे कोणाला शंका आली तर मागे जाता येईल. जुन्या वहीत तांदूळ किंवा गव्हापुढे ‘शेर’ दिसला तर मात्र वजनात बदलण्याची घाई करू नये. पायलीचे चार शेर होत, तो मापाचा शेर होता. भांडे भरून मोजलेल्या धान्याचे वजन धान्यागणिक बदलते. तिथे ते मापटे घरात शिल्लक असेल तर भरून तोलणे हाच खात्रीचा मार्ग.

उर्दूतून उतरवलेल्या वहीत आणखी दोन जागी बोट ठेवून वाचावे. दोनच्या आणि तीनच्या आकड्यात फक्त एका दात्याचा फरक असतो, घाईच्या हातात तो दिसत नाही. आणि ‘पाव’ व ‘पौन’ हे शब्द लिहिताना जवळजवळ सारखे दिसतात. पौन म्हणजे आपले पाऊण, पावाच्या तिप्पट. ऐकून लिहिले असेल तर ‘डेढ’ आणि ‘ढाई’ यांची अदलाबदल होते. आपल्या दीड आणि अडीचमध्ये एक पूर्ण वाटी असते.

‘लेला’ आणि ‘लेले’च्या आत लपलेले काम

क्रमाची चूक सर्वांत उशिरा सापडते, कारण प्रत्येक वाक्य सुटे वाचले तर बरोबरच असते. खिचड्याच्या पानावर तिसऱ्या पायरीला होते, ‘मटणात अर्धा बिरिस्ता घाला’. बिरिस्ता म्हणजे कुरकुरीत तळलेला कांदा. तो तळायची सूचना मात्र सहाव्या पायरीला होती. जी पहिल्यांदा करते आहे, तिचे मटण शिजते आहे आणि कांदा अजून चिरायचा आहे.

यासाठी पेन्सिल पुरते. साहित्याच्या यादीतली एकेक वस्तू घ्यावी, कृतीत ती जिथे येते तिथे खूण करावी. मग उलट, कृतीतून यादीकडे यावे. या पानात गरम मसाला यादीत होता, पण तो कृतीत कुठेच पडत नव्हता. आले-लसूण कृतीत होते, पण यादीत नव्हते. ‘अर्धा’ शब्द आला की दुसरा अर्धा शोधावा. बिरिस्त्याचा दुसरा अर्धा शेवटी वरून पेरायचा होता, तो सापडला.

यादीतच कृती लपते ती अशी: ‘भिजवलेले गहू अर्धा किलो’. ‘लेला’, ‘लेली’, ‘लेले’ने संपणारा प्रत्येक शब्द म्हणजे आधी करून ठेवायचे एक काम. त्यात मापाचाही घोळ आहे. ‘भिजवलेले अर्धा किलो गहू’ आणि ‘अर्धा किलो गहू, भिजवून’ या दोन ओळींत पाण्याच्या वजनाचा फरक पडतो. खालांनी कोरडे गहू तोलले होते, म्हणून दुसरी ओळ ठेवली.

मग वेळ. पानावर ‘दीड तास’ लिहिले होते. इफ्तार पावणेसातला धरून मागे मोजत गेलो: दमावर अर्धा तास, घोटायला पाऊण तास, त्याआधी साध्या पातेल्यात गहू शिजायला दोन तास. मटण त्याच वेळात दुसऱ्या चुलीवर होते. म्हणजे साडेतीनच्या आत गहू चुलीवर हवेत, आणि त्याआधी सात-आठ तास भिजलेले हवेत. आता त्या पानाची पहिली पायरी अशी छापली जाणार आहे: ‘सहरीला उठाल तेव्हा गहू भिजत घाला’. पहाटेच्या जेवणाला घर जागे असतेच, आणि दुपारपर्यंत गहू तयार होतात.

कागदावरच्या तपासणीला मर्यादा आहे. तिने न जुळणारे आकडे सापडतात, कोणता आकडा खरा ते देणारीच सांगते. म्हणून शंकेच्या जागी स्वतः आकडा न भरता समासात प्रश्न लिहिला आणि वही परत पाठवली. खिचडा आणि शीरखुर्मा दोन्ही, पाककृती न देणाऱ्या एकेका मुलीकडून, छापील मजकुरावरून, इफ्तारनंतर रात्री करून घेतले. तेव्हा मधे चाखता येते, आणि तिने कुठे थांबून “आता काय?” विचारले ते लिहून घेता येते.