भाजल्यावर थोडं थांबा: एस्प्रेसोला जास्त, फिल्टरला कमी

चिकमगळूर आणि कूर्गची कॉफी भाजून थेट घरपोच पाठवणाऱ्या रोस्टरांच्या पाकिटावर आता भाजल्याची तारीख छापलेली असते. ऑनलाइन मागवलेलं पाकीट भाजल्यापासून दोन-तीन दिवसांत हातात पडतं. कॉफी जितकी ताजी तितकी चांगली असं मनात असल्यामुळे ते लगेच फोडलं जातं. एस्प्रेसो मशीन असलेल्यांची इथे निराशा होते. कपात फेसच फेस येतो आणि घोट जिभेला टोचतो. त्याच बीन्सची कागदी फिल्टरमधून गाळलेली कॉफी मात्र बऱ्यापैकी चांगली लागते. बीन्समध्ये काहीच खोट नसते. त्या अजून वायू सोडत असतात, आणि तो वायू एस्प्रेसोला जेवढा नडतो तेवढा फिल्टरला नडत नाही.

हा वायू म्हणजे कार्बन डायऑक्साइड. भाजताना बीनमधली साखर आणि इतर घटक उष्णतेने मोडतात, त्यातून तो तयार होतो. थोडा भाजतानाच निघून जातो, पण बराचसा बीनच्या सूक्ष्म पोकळ्यांमध्ये अडकून राहतो. अडीचशे ग्रॅमच्या पाकिटातल्या बीन्स पुढच्या काही आठवड्यांत साधारण एक लिटरच्या आगेमागे वायू सोडतात. पाकिटावरचं छोटं गोल व्हॉल्व्ह त्यासाठीच असतं. आतला वायू त्यातून बाहेर पडतो, पण बाहेरची हवा आत शिरत नाही. व्हॉल्व्ह नसेल तर ताज्या कॉफीचं बंद पाकीट टम्म फुगतं.

झुरिच उपयोजित विज्ञान विद्यापीठातल्या संशोधकांनी हा वायू मोजण्यासाठी एक साधी युक्ती वापरली. भाजलेल्या बीन्स अचूक तराजूवर ठेवायच्या आणि त्यांचं वजन हळूहळू किती घटतं ते पाहायचं. २०१८ साली त्यांनी हे काम प्रसिद्ध केलं. वायू किती वेगाने निघेल हे भाजणीवर अवलंबून असतं, हे त्यातून स्पष्ट दिसलं. गडद भाजलेली बीन सच्छिद्र आणि ठिसूळ होते. तिच्यात वायू जास्त तयार होतो आणि तो लवकर निघूनही जातो. फिकट भाजलेली बीन घट्ट राहते आणि वायू धरून ठेवते. म्हणून एकाच तारखेला भाजलेल्या दोन पाकिटांना एकच नियम लागू पडत नाही.

एस्प्रेसोत वायू का नडतो?

एस्प्रेसोत साधारण १८ ग्रॅम अगदी बारीक दळलेली कॉफी दाबून बसवतात आणि तिच्यातून सुमारे ९ बार दाबाने गरम पाणी ढकलतात. २५ ते ३० सेकंदांत कपात ३६ ग्रॅमच्या आसपास कॉफी उतरावी, अशी अपेक्षा असते. एवढ्या कमी वेळात पाण्याला प्रत्येक कणापर्यंत पोचायचं असतं. कणांमधून वायू जोरात बाहेर येत असेल तर तो पाण्याला अडवतो. कॉफीच्या चकतीत कुठे पाणी अडतं, कुठे वाट फोडून धावतं. जिथे धावतं तिथली कॉफी जास्त उतरून कडू होते आणि उरलेली कच्चीच राहते. एकाच घोटात आंबट आणि कडू दोन्ही लागतं ते यामुळे.

दुसरी गोष्ट दाबाची. सोड्याच्या बाटलीचं झाकण उघडेपर्यंत वायू पाण्यात विरघळलेला असतो आणि झाकण उघडताच फसफसतो, तसंच इथे होतं. मशीनच्या दाबाखाली कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळतो आणि कपात पडताना दाब सुटला की बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर येतो. एस्प्रेसोवरचा तांबूस क्रेमा त्यातूनच बनतो. म्हणून वायू पूर्ण गेलेला चालत नाही, थोडा हवाच. मात्र तो फार असला की क्रेमा जाड पण पोकळ होतो. त्यात मोठे बुडबुडे दिसतात आणि मिनिटभरात तो बसतो. द्रवात उरलेला वायू जिभेवर वेगळीच टोचणी देतो.

फिल्टरला सवलत कशामुळे?

फिल्टर म्हणजे इथे कागदी फिल्टरमधून ओतून केलेली कॉफी. तिच्यात दाब नसतो, दळण जाड असतं आणि सगळी क्रिया तीन-चार मिनिटं चालते. शिवाय सुरुवातीला ब्लूम करतात. १५ ग्रॅम कॉफीवर ४० ग्रॅमच्या आसपास गरम पाणी ओतून ३०-४० सेकंद थांबायचं. या वेळात कॉफी फुगून वर येते, बुडबुडे फुटतात आणि वायू हवेत निघून जातो. त्यानंतर ओतलेलं पाणी नीट आत मुरतं. एस्प्रेसोत जे काम आठवडाभराच्या थांबण्याने साधतं, त्यातलं बरंच काम इथे त्या अर्ध्या-पाऊण मिनिटात उरकतं.

तरीही भाजल्याच्या दुसऱ्याच दिवशी ब्लूम एवढा उसळतो की कॉफीचा थर पाण्यावर तरंगतो आणि तळाशी नीट भिजत नाही. अशी कॉफी पातळ आणि बोथट लागते, सुगंध येतो पण चव भरत नाही. तेव्हा फिल्टरलाही तीन-चार दिवस द्यावेत.

स्टीलच्या दक्षिणी फिल्टरची गोष्ट वेगळी आहे. माटुंग्यासारख्या ठिकाणी दुकानदार गडद भाजलेली कॉफी आपल्यासमोर दळून, चिकोरी मिसळून देतो. दळताक्षणी बराचसा वायू निघून जातो आणि डिकॉक्शन हळूहळू टपकतं. त्यामुळे त्या कॉफीला ठेवून देण्याची गरजच नसते. तिथे घाई उलट बाजूने हवी. दळलेली कॉफी लवकर शिळी होते, म्हणून थोडी थोडी आणून संपवणं बरं.

एक पाकीट, महिनाभर

मध्यम भाजणीची अरेबिका, पाकीट २५० ग्रॅमचं, भाजलं १ तारखेला, असं धरू.

४ तारखेला तुम्ही १८ ग्रॅम दळून एस्प्रेसो काढता. प्रवाह आधी अडखळतो, मग मध्येच सुटतो. कप भरल्यासारखा दिसतो म्हणून मशीन बंद करता, पण तराजू २४-२५ ग्रॅमच दाखवतो, बाकी सगळा फेस. म्हणूनच ताज्या कॉफीची एस्प्रेसो डोळ्याने न मापता वजनाने मोजावी. चव टोचरी, शेवटी कोरडी. त्याच दिवशी त्याच बीन्सची फिल्टर कॉफी करा, ब्लूम पाऊण मिनिटापर्यंत वाढवा आणि चमच्याने एकदा हलवा. प्यायला चांगली कॉफी मिळते.

११ तारखेच्या सुमाराला एस्प्रेसो वळणावर येते. धार मधासारखी अखंड पडते, क्रेमा तांबूस आणि बारीक बुडबुड्यांचा दिसतो. २८ सेकंदांच्या आसपास ३६ ग्रॅम येतात आणि चवीत गोडवा जाणवतो. फिल्टरही याच काळात सर्वांत भरदार लागते.

२५ तारखेला दळण तेच ठेवलं तर ३६ ग्रॅम २०-२२ सेकंदांतच उतरतात. वायू कमी झाल्याने चकतीचा विरोध घटलेला असतो. ग्राइंडर एक-दोन खाचा बारीक केला की वेळ पुन्हा जुळते. क्रेमा आता पातळ असतो, चव मात्र शाबूत असते. त्यापुढे सुगंध ओसरू लागतो आणि पाकीट वारंवार उघडल्याने आत गेलेला ऑक्सिजन त्याला हातभार लावतो.

यावरून सुरुवातीला धरायचे आकडे असे. गडद भाजणी असेल तर फिल्टरसाठी दोन-तीन दिवस आणि एस्प्रेसोसाठी पाच ते सात. मध्यम भाजणीला फिल्टरसाठी चार-पाच दिवस, एस्प्रेसोसाठी आठ ते बारा. फिकट भाजणीला फिल्टरसाठी आठवडाभर आणि एस्प्रेसोसाठी दोन ते तीन आठवडे द्यावेत. पुष्कळ जण फिकट बीन्सची एस्प्रेसो दहाव्या दिवशी आंबट लागली म्हणून त्या बीन्सनाच नावं ठेवतात. त्याच बीन्स आणखी आठवडाभर ठेवल्या तर पुष्कळदा तक्रार उरत नाही.

हे आकडे हवामानाप्रमाणे थोडे सरकतात. उष्णतेत वायू लवकर निघतो, पण चवही लवकर उडते. म्हणून एप्रिल-मे महिन्यात पाकीट गॅसच्या शेजारी किंवा खिडकीत ठेवू नये, बंद कपाटात ठेवावं. थांबण्याच्या काळात पाकीट न उघडता तसंच ठेवायचं. ‘हवा लागू दे’ म्हणून तोंड उघडं ठेवल्याने वायू जातो खरा, पण त्याच वाटेने ऑक्सिजन आत येतो आणि कॉफी शिळी होते.

वाट पाहायला वेळच नसेल तर मार्ग आहेत. एस्प्रेसोसाठी कॉफी दळून दहा-पंधरा मिनिटं तशीच ठेवली की बराच वायू निघून जातो. त्याबरोबर थोडा सुगंधही जातो, म्हणून ही रोजची सवय करू नये. मशीनमध्ये प्री-इन्फ्यूजनची सोय असेल, म्हणजे पूर्ण दाबाआधी हलक्या दाबाने कॉफी भिजवता येत असेल, तर ती पाच-दहा सेकंद वापरावी. आणि दुधाची कॉफी प्यायची असेल तर दूध टोचणी बरीच झाकतं.

ब्लूम किंवा क्रेमा पाहून निदान करताना एक पथ्य पाळा. भरपूर फुगणारी कॉफी ताजी असते, उत्तम असेलच असं नाही. गडद भाजणी नेहमीच जास्त फुगते. ब्लेंडमध्ये रोबस्टा असेल तर क्रेमा तसाही दाट येतो. म्हणून फेसाकडे एकदा पाहा आणि निर्णय जिभेवर सोडा. टोचतंय आणि धार अडखळतेय, तर आणखी दोन दिवस थांबा. धार पळतेय आणि चव पोकळ लागतेय, तर आधी दळण बारीक करा. तरीही चव भरली नाही तर कॉफीचा काळ सरला.

राहता राहिला हिशेब. दिवसाला दोन एस्प्रेसो, प्रत्येकी १८ ग्रॅम, म्हणजे २५० ग्रॅमचं पाकीट जेमतेम आठवडा पुरतं. पाकीट संपत आल्यावर नवं मागवलं तर दर वेळी कच्च्या कॉफीवरच दिवस काढावे लागतात. म्हणून एक पाकीट चालू असताना पुढचं कपाटात तयार होत असायला हवं. नवं पाकीट आलं की त्यावर भाजल्याच्या तारखेशेजारी पेनने उघडायची तारीखही लिहून ठेवा. घरात फिल्टर आणि एस्प्रेसो दोन्ही होत असतील तर मग सोपंच आहे. एकाच भाजणीची दोन पाकिटं घ्या. पहिलं चौथ्या-पाचव्या दिवशी फिल्टरसाठी उघडा आणि ते संपेपर्यंत दुसरं एस्प्रेसोसाठी तयार झालेलं असेल.