गिऱ्हाईक कुणाचं?

समजा, पुण्यातल्या एका कंपनीने यंत्रमाग कारखान्यांसाठी सॉफ्टवेअर बनवलंय. सुताची आवक, सायझिंगला गेलेलं सूत, परत आलेले बीम, खर्चीवाल्यांना दिलेलं काम, पिकावरची मजुरी आणि जीएसटी, असा सगळा हिशेब त्यात बसतो. वर्षाच्या लायसन्सची किंमत जीएसटी सोडून 60,000 रुपये. पुण्यात बसून इचलकरंजी, मालेगाव, भिवंडी इथल्या कारखानदारांपर्यंत पोचणं कंपनीला परवडत नाही, म्हणून गावोगावी रिसेलर नेमायचे ठरतात. पहिल्याच बैठकीत प्रश्न येतो, मार्जिन किती द्यायचं? कुणी तरी 25 टक्के म्हणतं आणि सगळ्यांना सरसकट 25 टक्के ठरतं. पुढच्या भांडणांचं मूळ या सरसकटपणात असतं.

इचलकरंजीचा एक रिसेलर कारखानदाराकडे चार खेपा घालतो. जुन्या एक्सेल फायली मागून घेतो, त्यांच्याच आकड्यांवर डेमो दाखवतो, मुनीमजींच्या शंका फेडतो. कारखानदार पटल्यावर म्हणतो, ‘कोटेशन पाठवा.’ ते कोटेशन हातात घेऊन तो कोल्हापूरच्या दुसऱ्या रिसेलरला फोन लावतो. दोघांनाही लायसन्स 45,000 ला पडतं. दुसऱ्याचा एक पैसाही खर्च झालेला नाही, त्यामुळे 49,000 ला देऊनसुद्धा त्याला नुसत्या बिलाचे 4,000 सुटतात. पहिल्याने तो भाव दिला तर त्याच्याही हातात 4,000 च उरतात आणि त्यातून चार खेपांचं पेट्रोल, माणसाचा पगार, पुढची महिनाभराची शिकवणी भागवायची. असं दोनदा झालं की तो डेमो द्यायचा सोडतो. मग त्या भागात सॉफ्टवेअर दाखवणारं कुणी उरत नाही, स्वस्तात बिल फाडणारे तेवढे राहतात.

यावर अनेकांना सुचणारा उपाय म्हणजे ‘अमुक किमतीखाली कुणी विकायचं नाही’ असा फतवा काढणं. या वाटेला जाऊ नये. स्पर्धा अधिनियम, 2002 च्या कलम 3(4) मध्ये पुनर्विक्रीची किंमत बांधून देण्याचा उल्लेख आहे आणि त्यामुळे स्पर्धेला बाध येत असेल तर तो करार बेकायदा ठरू शकतो. डीलरांनी किती सूट द्यायची यावर बंधन घातल्याच्या कारणावरून भारतीय स्पर्धा आयोगाने 2021 मध्ये मारुती सुझुकीला 200 कोटींचा दंड ठोठावला होता. कंपनी त्याविरुद्ध अपिलात गेली. छोट्या सॉफ्टवेअर कंपनीने घ्यायचा बोध इतकाच, की विक्रीची किंमत रिसेलरवर सोडावी आणि आपल्या हातात असलेली खरेदीची किंमत बदलावी.

डील रजिस्ट्रेशन नेमकं हेच करतं. ज्याने गिऱ्हाईक शोधलं, त्याने त्याचं नाव कंपनीकडे आधी नोंदवायचं. नोंद मंजूर झाली की त्या गिऱ्हाइकापुरतं त्याला 30 टक्के मार्जिन, बाकी सगळ्यांना 15. आता पहिल्याची खरेदी 42,000 आणि कोल्हापूरवाल्याची 51,000. कोल्हापूरवाला फार तर 52,000 पर्यंत उतरेल. पहिल्याने तोच भाव दिला तरी त्याला 10,000 सुटतात. कंपनीचं यात नुकसान होतं का? सरसकट 25 टक्क्यांत दर लायसन्समागे 15,000 जात होते. आता नोंदलेल्या डीलमागे 18,000 आणि न नोंदलेल्यामागे 9,000 जातात. तीनपैकी दोन डील नोंदलेली असली तर सरासरी पुन्हा 15,000 च येते. पैसा तेवढाच, फक्त तो राबणाऱ्याकडे वळला.

ही व्यवस्था टिकते की कोसळते, ते नोंदणीच्या अर्जावर ठरतं. नुसतं कारखान्याचं नाव मागितलं तर एकच कारखाना ‘श्री गणेश टेक्स्टाइल्स’, ‘गणेश टेक्स.’ आणि मालकाच्या आडनावाने असा तीनदा नोंदला जातो. म्हणून जीएसटी क्रमांक घ्यावा. पण तो जसाच्या तसा ताडून पाहिला तरी फसगत होते. 15 अक्षरांच्या त्या क्रमांकातले पहिले दोन आकडे राज्याचे, म्हणजे महाराष्ट्राचे 27 आणि कर्नाटकाचे 29. त्याच मालकाची बेळगावला शाखा असेल तर तिचा क्रमांक वेगळा येतो आणि दुसरा रिसेलर तिच्या नावाने तेच गिऱ्हाईक नोंदवू शकतो. तिसऱ्यापासून बाराव्या अक्षरापर्यंत पॅन असतो आणि तो दोन्हीकडे सारखाच. जुळवणी पॅनवर करावी. त्याशिवाय निर्णय कोण घेणार, माग किती, आता हिशेब कशात ठेवतात आणि डेमो कधी झाला, एवढं अर्जात पुरे. वीस रकाने ठेवले तर कुणी भरत नाही.

उत्तर दोन कामकाजाच्या दिवसांत गेलं पाहिजे. आठवडाभर अर्ज पडून राहिला तर रिसेलर तोवर कोटेशन देऊन मोकळा झालेला असतो. नोंदीला मुदतही हवी. या सॉफ्टवेअरला 90 दिवस पुरावेत आणि काम पुढे सरकल्याचं दाखवलं तर एकदा वाढ द्यावी. मुदत नसली की काही जण औद्योगिक वसाहतीची अख्खी यादी आपल्या नावावर नोंदवून बसतात. अशा जागाअडव्याला ओळखणं अवघड नसतं. नोंदी शंभर, त्यातले डेमो दोन.

प्रशिक्षणाचा धागा इथेच जोडलेला आहे. नोंदणीचा हक्क त्याच रिसेलरला द्यावा, ज्याच्याकडे परीक्षा पास झालेला माणूस आहे. परीक्षाही कागदी नको. उमेदवाराला एका कारखान्याची अस्ताव्यस्त एक्सेल फाइल द्यावी, ज्यात एकाच सुताचं नाव चार तऱ्हांनी लिहिलंय आणि सायझिंगला गेलेलं सूत दोनदा मोजलंय. ती साफ करून सॉफ्टवेअरमध्ये भरायची आणि सुताचा शिल्लक साठा जुळवून दाखवायचा. हे ज्याला जमलं, त्याच्या हातात गिऱ्हाईक निर्धास्त सोपवावं. लहान गावात खरी अडचण पुढे येते. शिकलेला मुलगा वर्षभरात पुण्याची नोकरी धरतो. प्रमाणपत्र माणसाचं असतं, दुकानाचं नाही. तेव्हा नवा माणूस तयार करायला रिसेलरला तीन महिन्यांची सवलत द्यावी आणि परीक्षा त्याच्या गावात जाऊन घ्यावी.

सगळ्यात मोठा धोका मात्र कंपनीच्या घरातच असतो. नोंदणीचा अर्ज म्हणजे तयार गिऱ्हाइकाचा पत्ता आणि तो कंपनीच्या स्वतःच्या सेल्समनच्या नजरेखालून जातो. थेट विक्रीवर त्याला जास्त इन्सेंटिव्ह असेल तर त्याचा हात त्या पत्त्याकडे जाणारच. म्हणून माल रिसेलरमार्फत जावो की थेट, सेल्समनचा इन्सेंटिव्ह सारखा ठेवावा आणि मंजुरीचं काम विक्री खात्याबाहेरच्या माणसाकडे द्यावं. एकदा जरी रिसेलरचं नोंदलेलं गिऱ्हाईक कंपनीने थेट उचललं, तरी ती बातमी संध्याकाळपर्यंत सगळ्या रिसेलरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरते.

विश्वास उडाला आहे का, हे पाहायला सर्वेक्षण लागत नाही. नोंदीची तारीख आणि ऑर्डरची तारीख शेजारी ठेवाव्यात. निरोगी कार्यक्रमात या दोहोंत काही आठवड्यांचं अंतर असतं. ते घटत घटत एक-दोन दिवसांवर आलं, तर समजावं की रिसेलर गिऱ्हाइकाचं नाव शेवटच्या क्षणापर्यंत लपवून ठेवताहेत.