घरी सांगण्याआधी एकमेकांना सांगा

‘आमच्या घरचे मोकळ्या विचारांचे आहेत, काही अडचण येणार नाही.’ वेगळ्या धर्मातल्या किंवा भाषेतल्या माणसावर प्रेम करणारी मुलं-मुली हे वाक्य सुरुवातीला हमखास म्हणतात. ते खोटं नसतं. मित्रमैत्रिणी घरी येतात, ईदला आणि दिवाळीला ताटं पोचतात, आईवडील सगळ्यांशी प्रेमानं बोलतात, त्यावरून हा विश्वास आलेला असतो. पण मुलाचा मित्र म्हणून जेवायला बसलेला माणूस आणि जावई म्हणून दारात उभा राहिलेला माणूस यांच्याकडे घर एकाच नजरेनं पाहत नाही. हे घरच्यांना स्वतःलाही ठाऊक नसतं, कारण तशी वेळ त्यांच्यावर आलेली नसते.

म्हणून घरच्यांशी बोलण्याच्या बरंच आधी दोघांनी आपापसात बोलायला हवं. घरी काय होईल याचा अंदाज एकमेकांना द्यायचा, तोही न घाबरवता. हे बोलणं जोडपी टाळतात, कारण विषय काढला की समोरच्याला वाटतं, ‘हिला माघार घ्यायची आहे’ किंवा ‘याला माझ्या धर्माबद्दल शंका आहे’. मग वर्ष, दोन वर्षं जातात. एखादा फोटो कुणाच्या तरी व्हॉट्सअ‍ॅपवर दिसतो, आत्याचा फोन येतो, आणि जे दोघांत बोलायला हवं होतं ते चारचौघांत, आरडाओरड्यात बोललं जातं.

एक उदाहरण घेऊ. हे एका विशिष्ट जोडप्याचं नाही. अशा घरांत जे घडतं त्यावरून जुळवलेलं आहे. ती साताऱ्याजवळच्या शेतकरी मराठा कुटुंबातली, पुण्यात नोकरी करणारी. तो वसईचा कॅथलिक. दोघांची भाषा मराठी, त्यामुळे ‘आपल्यात फरकच काय?’ असं दोघांनाही वाटतं. भाषा वेगळी असली की निदान फरक पहिल्या दिवसापासून कानावर पडतो. एकाच भाषेत बोलणाऱ्यांना तो उशिरा कळतो.

विषय कधी काढावा? पहिल्या चार भेटींत नक्कीच नाही. पण एक खूण आहे: ज्या दिवशी तुम्ही या माणसासाठी घरी नेमानं खोटं बोलू लागता, त्या दिवसापासून ही चर्चा लांबवायची नाही. तोवर नातं थट्टेवारी राहिलेलं नसतं, आणि बाहेर फुटलेलंही नसतं.

सुरुवात स्वतःच्या घरापासून करावी. ‘तुझ्या घरचे काय म्हणतील?’ हा प्रश्न कितीही हळू विचारला तरी उलटतपासणीसारखा लागतो. त्याऐवजी तिनं म्हणावं, ‘आमच्याकडे काय होईल असं मला वाटतं, ते सांगते. तू फक्त ऐक, लगेच उत्तर देऊ नकोस.’ आणि मग मोघम बोलायचं नाही. ‘पप्पा चिडतील’ यातून त्याला काहीच कळत नाही. ‘पप्पा दोन दिवस बोलणार नाहीत, पण निर्णय त्यांचा नसेल, थोरल्या चुलत्यांचा असेल. शेत अजून एकत्र आहे. आणि माझ्या पाठीवर बहीण आहे, तिचं लग्न व्हायचंय. आई पहिलं वाक्य तेच म्हणेल.’ आता त्याला खरं चित्र दिसतं. तिच्या घरातला विरोध ख्रिस्ती माणसाबद्दलच्या रागातून कमी आणि धाकटीला स्थळं येतील का या धास्तीतून जास्त असणार आहे. रागाला समजावता येत नाही. धास्तीबद्दल बोलता येतं. कदाचित धाकटीचं ठरेपर्यंत थांबायचं, असंही दोघं ठरवतील. पण ते ठरवून थांबणं असेल.

अंदाज बांधायला एक प्रश्न फार उपयोगी पडतो: आपल्या नात्यात असं लग्न आधी कुणी केलंय का, आणि त्याचं पुढे काय झालं? चुलतबहिणीनं परजातीत लग्न केलं, तेव्हा तिला माहेरी कधी बोलावलं? मूल झाल्यावर? आजी गेल्यावर? की अजून नाहीच? आईवडील तत्त्व म्हणून काय बोलतात, त्यापेक्षा घरानं त्या वेळी काय केलं यावरून खरा अंदाज येतो.

आता त्याची बाजू. इथे सगळ्यात जास्त गोष्टी न बोललेल्या राहतात, कारण त्याला त्या इतक्या सवयीच्या असतात की सांगाव्यात असं सुचतच नाही.

कॅथलिक चर्चच्या नियमानुसार बाप्तिस्मा न झालेल्या व्यक्तीशी लग्न करायचं तर बिशपांची खास परवानगी लागते. ती आपल्या धर्मग्रामाच्या फादरांमार्फत मागायची असते. मुलीनं धर्म बदलण्याची अट त्यात नाही, आणि ही गोष्ट साताऱ्याच्या घरी सगळ्यात आधी सांगण्यासारखी आहे, कारण तिथली पहिली भीती तीच असणार. पण त्याला मात्र एक वचन द्यावं लागतं: मी माझी श्रद्धा सोडणार नाही, आणि मुलांचा बाप्तिस्मा होऊन ती कॅथलिक म्हणून वाढावीत यासाठी माझ्याकडून होईल तेवढं करीन. तिच्याकडून वचन घेत नाहीत. त्यानं वचन दिलंय याची तिला कल्पना द्यायची असते. अनेक मुलींना ही कल्पना लग्नाच्या कागदपत्रांच्या वेळी, फादरांच्या समोर बसल्यावर मिळते. तोवर हॉल ठरलेला असतो. त्या खुर्चीवर बसून ‘मुलांचं आपण नंतर बघू’ एवढंच म्हणता येतं, आणि मग ते ‘नंतर’ बाळाच्या पाळण्याशी येऊन उभं राहतं.

चर्चचा आणखी एक नियम आहे. चर्चमधल्या लग्नाच्या आधी किंवा नंतर त्याच लग्नाचा दुसरा धार्मिक विधी, ज्यात पुन्हा एकमेकांचा स्वीकार केला जातो, तो करू नये असं चर्च सांगतं. तिच्या आईच्या मनात मात्र मांडव, मंगलाष्टका आणि अक्षता असणार. दोन्ही घरं ‘दोन्ही पद्धतीनं करू’ असं मोठ्या मनानं म्हणत असतात आणि अडचण शेवटच्या महिन्यात समजते. ती आधी ठाऊक असेल तर हळद, मेंदी, जेवणावळ, आशीर्वादाचा कार्यक्रम यांतलं काय करता येईल हे फादरांना वेळेत विचारता येतं, आणि तिच्या आईला काय मिळणार नाही हेही खरं-खरं सांगता येतं.

‘मग हे सगळं नकोच, नोंदणी करू,’ असं कुणीही म्हणेल. तो मार्ग आहे, कायद्यानं पूर्ण वैध आहे. पण त्याच्या घरात त्याचा अर्थ काय होईल, हे तिला त्याच्याकडूनच कळायला हवं. चर्चच्या परवानगीशिवाय केलेलं लग्न चर्च वैध मानत नाही आणि त्या माणसाला कम्युनियन घेता येत नाही. रविवारच्या मिस्सात कम्युनियनसाठी रांग लागते, तेव्हा तो बाकावर बसून राहील, आणि त्याच्या आईच्या मागच्या बाकावरची प्रत्येक बाई ते पाहील. तिच्या दृष्टीनं नोंदणी म्हणजे भांडण टाळणं. त्याच्या आईच्या दृष्टीनं ते दर आठवड्याला दिसणारं दुःख. तरीही दोघं नोंदणीच निवडतील, तर खुशाल निवडोत. फक्त त्यानं सांगितलं नाही आणि तिला वाटलं की ‘सासूबाई उगाचच माझ्यावर रागावल्या आहेत’, असं होऊ नये.

हे बोलणं एका बैठकीत संपवायचं नसतं. एका वेळी एकच विषय, शक्यतो चालताना किंवा प्रवासात, आणि त्या दिवशी निर्णय न घेण्याच्या बोलीवर. समोरच्याच्या आईवडिलांना नावं ठेवायची नाहीत. ‘तुझे वडील मागासलेले आहेत’ हे वाक्य पुढं अनेक वर्षं आठवत राहतं. आणि ऐकणाऱ्यानं एवढंच विचारावं: ‘ते असं म्हणाले, तर तू काय म्हणशील?’ माझ्या मते या सगळ्या बोलण्यातला हाच प्रश्न मोलाचा आहे. घरच्यांचं उत्तर कुणाच्या हातात नसतं. आपल्या माणसाचं असतं. ‘मी थांबेन, पण मोडणार नाही’ हे एक उत्तर आहे. ‘आई नाही म्हणाली तर मला जमणार नाही’ हेही उत्तरच आहे, आणि ते सहाव्या महिन्यात ऐकणं सहाव्या वर्षात ऐकण्यापेक्षा कितीतरी बरं. जो माणूस प्रत्येक वेळी ‘बघू रे, होईल सगळं’ म्हणून विषय बदलतो, त्याच्याकडून तारीख मागून घ्यावी.

नोंदणीचा विचार असेल तर कायद्यातली एक तरतूद दोघांनी आधी समजून घ्यावी. विशेष विवाह कायदा 1954 प्रमाणे नोटीस द्यावी लागते आणि त्यानंतर 30 दिवस हरकतींसाठी थांबावं लागतं. दोघांपैकी एकजण नोटिशीच्या आधी निदान 30 दिवस त्या जिल्ह्यात राहिलेला असावा लागतो. ही नोटीस विवाह अधिकाऱ्याच्या कार्यालयात लावली जाते. आणि ज्याचं कायमचं घर दुसऱ्या जिल्ह्यात आहे, त्याच्या त्या जिल्ह्यातल्या विवाह अधिकाऱ्याकडेही तिची प्रत लावण्यासाठी पाठवली जाते. म्हणजे पुण्यात दिलेली नोटीस साताऱ्यात पोचते. तिथे कुणाची तरी ओळख निघतेच. घरच्यांना ही बातमी तिऱ्हाइताकडून कळली, की मूळ विरोध बाजूला राहतो आणि ‘आमच्यापासून लपवलं’ हीच जखम उरते.

इथे एक मर्यादा सांगितलीच पाहिजे. हे सगळं त्या घरांसाठी आहे, जिथे राग येईल, अबोला होईल, रडारड होईल. एकमेकांना अंदाज देताना जर असं समोर आलं की घरात आधी कुणाला मारहाण झालीय, कोंडून ठेवलंय, मोबाइल काढून घेतलाय, ‘आजी आजारी आहे’ असं सांगून बोलावून दुसरीकडे लग्न लावलंय, तर घरी हळुवारपणे सांगण्याचा बेत सोडून द्यावा. तिथे आधी राहण्याची सुरक्षित जागा, स्वतःची कागदपत्रं आणि वकील. सज्ञान मुला-मुलीला आपला जोडीदार निवडण्याचा हक्क आहे. 2018 मध्ये शक्ती वाहिनी खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं तो स्पष्ट शब्दांत मान्य केला, आणि अशा जोडप्यांच्या तक्रारींसाठी जिल्ह्या-जिल्ह्यात विशेष कक्ष स्थापावेत, सुरक्षित निवारा देण्याचा विचार करावा, असंही सांगितलं. तातडीच्या वेळी 112 हा क्रमांक आहे.

बाकीच्या सगळ्यांना एवढीच विनंती: हॉल ठरवण्याआधी, नोटीस देण्याआधी, घरच्यांना तुमच्याच तोंडून कळू द्या. आणि घरी तोंड उघडण्याआधी, तिथे काय ऐकावं लागेल ते एकमेकांना सांगून ठेवा.