पावु, चिपटे आणि वाटी : एका कन्नड पाककृतीचे भाषांतर

बेळगाव-निपाणी पट्ट्यात कन्नड आणि मराठी स्वयंपाकघरे शेजारी-शेजारी आहेत. त्यामुळे पाककृतीचे भाषांतर सोपे वाटते. मात्र दोन्ही भाषांत सारखे दिसणारे शब्दच भाषांतरकाराला फसवतात, असे मला वाटते. बिसी बेळे भाताचे उदाहरण घेऊ.

जुन्या म्हैसूर पद्धतीच्या कृतीत समजा एक पावु तांदूळ, अर्धा पावु तूरडाळ आणि सहा पावु पाणी आहे. पावुसाठी ‘पावशेर’ लिहिण्याचा मोह होतो. पण येथे पावु हे मापून घेण्याचे भांडे आहे, तर पावशेर म्हटले की आपला वाचक तराजू आठवतो. तो 250 ग्रॅम तांदूळ आणि 125 ग्रॅम डाळ घेईल. हे धान्य भांड्यात साधारण 450 मिलिलिटर भरते. पाणी मात्र तो पाव लिटरच्या हिशेबाने दीड लिटर घेईल. मूळ कृतीत धान्याच्या चौपट पाणी होते, ते आता सव्वातीनपटीच्या आसपास येते आणि सैलसर असायला हवा तो भात घट्ट होतो. पावुचा खरा मराठी जोडीदार चिपटे, कारण तेही मापी शेराचा चौथा भाग. पण चिपटे आज थोड्याच घरांत उरले आहे. म्हणून मी ‘1 वाटी, अर्धी वाटी, 6 वाट्या’ असे लिहीन आणि ‘सर्व मापे एकाच वाटीने’ ही सूचना आरंभीच देईन.

मसाल्यात ‘मराठी मोग्गु’ येतो. मोग्गु म्हणजे कळी. नावात मराठी असले तरी आपल्या मसाल्याच्या डब्यात हा जिन्नस सहसा नसतो. तो सावरीच्या जातीच्या झाडाचा वाळवलेला कळा. ‘मराठी कळी’ असे शब्दशः लिहिले तर दुकानदारालाही उमगणार नाही. मूळ नाव ठेवून पुढे लिहावे : ‘न मिळाल्यास वगळा, एक लवंग वाढवा.’ मिरचीचेही तसेच. ब्याडगी रंग देते, संकेश्वरी तिखटपणा. आठ ब्याडगींऐवजी आठ संकेश्वरी घातल्या तर भात तोंडात धरवणार नाही. पर्याय द्यायचा तर त्याची संख्या वेगळी द्यावी, तीनपासून सुरुवात करायला सांगावे आणि रंग फिका येईल हेही नोंदवावे.

तिसरी गोष्ट क्रमाची. कन्नड वाक्य सांगते, ‘बेळे बेंद मेले’, म्हणजे डाळ शिजल्यावर, चिंचेचा कोळ घाला. मराठीत वाक्य आटोपशीर करण्याच्या नादात ‘चिंचेचा कोळ घालून डाळ-तांदूळ शिजवावेत’ असे होऊन जाते. व्याकरण निर्दोष, पण डाळ कच्ची राहते, कारण आंबटात ती लवकर मऊ होत नाही. ‘घालून’ने क्रम उलटला. अशा ठिकाणी दोन वाक्ये करावीत : ‘डाळ बोटाने चेपली जाईपर्यंत शिजवा. मग कोळ घाला.’

भाषांतर तपासायचे तर ते मूळ कृती न पाहिलेल्या व्यक्तीच्या हाती द्यावे. तिने ‘कुठली वाटी?’ किंवा ‘आधी काय?’ असे विचारले, की दुरुस्तीची जागा सापडली.