बुबुळाचा रंग बदलावा, पण पोत राखून

कादंबरीच्या मुखपृष्ठासाठी एका तरुणीचा फोटो निवडला आहे. चेहरा, नजर, प्रकाश, सगळं जमून आलंय. अडचण एकच: कादंबरीतली नायिका घाऱ्या डोळ्यांची आणि फोटोतल्या मुलीचे डोळे गडद तपकिरी. मग तो फोटो रिटचिंग करणाऱ्याकडे जातो आणि सोबत निरोप असतो, "डोळे तेवढे घारे करून द्या." काम दहा मिनिटांचं वाटतं. घाईघाईत उरकलं की बुबुळाच्या जागी हिरवट टिकली चिकटवल्यासारखी दिसते. वाचकाला नेमकं काय बिघडलंय ते सांगता येत नाही, पण डोळे खोटे आहेत हे त्याला पहिल्या नजरेतच कळतं.

असं का होतं हे समजायचं तर एखादं बुबुळ उन्हाच्या बाजूला तोंड करून जवळून पाहावं. तिथे एक रंग कधीच नसतो. मधली काळी बाहुली, तिच्याभोवती बहुतेकदा मधासारखं पिवळट वलय, त्यापलीकडे बाहेरच्या दिशेला पसरत गेलेले बारीक तंतू, मध्येच खड्ड्यांसारखे गडद ठिपके आणि अगदी कडेला एक काळसर रिंगण. वरच्या पापणीची आणि पापण्यांच्या केसांची सावली बुबुळाच्या वरच्या भागावर पडलेली असते, त्यामुळे वरचा भाग खालच्यापेक्षा नेहमी गडद दिसतो. या सगळ्यावर बुबुळापुढचा पारदर्शक पडदा असतो. खिडकीचं किंवा स्टुडिओतल्या दिव्याचं पांढरं प्रतिबिंब पडतं ते या पडद्यावर. त्यालाच फोटोग्राफर कॅचलाइट म्हणतात. म्हणजे कॅचलाइट बुबुळाचा भाग नाहीच. त्याचा रंग दिव्याचा असतो, डोळ्याचा नव्हे.

आता सोपा मार्ग काय करतो ते पाहू. फोटोशॉपमध्ये बुबुळ निवडायचं, Hue/Saturation उघडायचं, Colorize वर टिचकी मारायची आणि हिरवा रंग येईपर्यंत पट्टी सरकवायची. Colorize निवडलेल्या प्रत्येक बिंदूला एकच रंगछटा आणि रंगाची एकच तीव्रता देतं. उजेड-अंधाराचा फरक तेवढा टिकतो. मधाळ वलय, तपकिरी ठिपके, कडेचं राखाडी रिंगण, सगळ्यांना एकच हिरवा. तंतू कुठे गेलेले नसतात, पण त्यांना एकमेकांपासून वेगळं दाखवणारा रंगातला फरक पुसला जातो. पोत गेला असं आपल्याला वाटतं ते म्हणून. Info पॅनेल HSB वर ठेवून बुबुळात चार ठिकाणी कर्सर फिरवला तर हे लगेच कळतं. चारही ठिकाणी H चा आकडा एकच आला, की डोळा सपाट झालेला आहे.

पूर्वी फोटो स्टुडिओत कृष्णधवल फोटोंवर हाताने रंग चढवत, त्या कारागिरांनी हा प्रश्न सोडवलेला होता. त्यांचे रंग पारदर्शक असत. खालची चांदीची प्रतिमा, म्हणजे उजेड-सावलीचा सगळा तपशील, तशीच राहायची आणि वर रंगाचा पातळ हात बसायचा. फोटोशॉपमधला Color नावाचा ब्लेंड मोड नेमकं हेच करतो. वरच्या लेअरमधून तो रंगछटा आणि रंगाची तीव्रता घेतो, उजळपणा मात्र खालच्या फोटोचाच ठेवतो. त्यामुळे नवीन रिकामा लेअर घ्यायचा, त्याचा मोड Color करायचा आणि मऊ ब्रशने रंगवायचं, ही योग्य सुरुवात.

मात्र गडद डोळ्यांच्या बाबतीत इथेच खरी अडचण उभी राहते आणि बहुतेक लोक तिथे थांबतात. मुखपृष्ठावरच्या मुलीच्या बुबुळातला एक बिंदू घेऊ: R 70, G 45, B 30. हा मोड उजळपणा मोजताना लाल रंगाचा 0.30, हिरव्याचा 0.59 आणि निळ्याचा 0.11 हिस्सा धरतो. हिशेब केला तर या बिंदूचा उजळपणा येतो 51 च्या आसपास. आपल्याला हवा आहे घारा रंग, समजा R 125, G 110, B 70. त्याचा उजळपणा 110. रंग कितीही अचूक निवडला तरी Color मोड उजळपणा 51 वरच ठेवणार, म्हणून हाती येतो काळपट शेवाळी. डोळ्यांचा रंग बदलणं म्हणजे रंग बदलणं कमी आणि उजेड बदलणं जास्त, ते यामुळे.

म्हणून रंगाला हात लावण्याआधी उजेड वाढवायचा. फोटो शक्यतो रॉ फाइलमधून 16 बिटमध्ये उघडावा. 8 बिटच्या जेपीजीमध्ये अंधारातल्या छटा आधीच मोजक्या असतात, त्या ताणल्या की पट्टे दिसू लागतात. एका डोळ्याचं बुबुळ गोल निवडून घ्यावं. त्यातून बाहुली, कॅचलाइट आणि पापणीखाली झाकलेला भाग वजा करावा आणि कड किंचित मऊ करावी. किती मऊ, हे बुबुळ किती मोठं आहे त्यावर ठरतं. बुबुळ साधारण 12 मिलिमीटर रुंद असतं. नुसत्या चेहऱ्याच्या फोटोत 22 सेंटिमीटरचा चेहरा 3000 पिक्सेलमध्ये मावला असेल, तर बुबुळाला 160 च्या आसपास पिक्सेल मिळतात. तिथे दोन-तीन पिक्सेलची मऊ कड पुरते. पूर्ण उभ्या माणसाच्या फोटोत तेच बुबुळ पस्तीसेक पिक्सेलचं उरतं. त्यात तंतू दिसतच नाहीत, त्यामुळे तिथे एवढा खटाटोप करण्याचं कारण नाही.

या निवडीवर Curves चा लेअर ठेवावा आणि त्याचा मोड Luminosity करावा, म्हणजे फक्त उजेड बदलेल, तपकिरी रंग भडक होणार नाही. वक्ररेषेचा तळ जागेवर ठेवून 51 चा बिंदू 95 पर्यंत उचलावा. थेट 110 पर्यंत जाऊ नये. मुखपृष्ठाचा प्रकाश सौम्य आहे, त्यात फार उजळ डोळे दिवे लावल्यासारखे दिसतील. मग याच लेअरच्या मास्कवर, वरच्या पापणीच्या सावलीत, काळ्या ब्रशचा हलका हात फिरवून तिथला उजेड कमी करावा. कडेच्या काळसर रिंगणावरही तसंच करावं. हे रिंगण उजळलं की बुबुळ पांढऱ्या भागात विरघळतं आणि नजर हरवते. दुसऱ्या डोळ्यासाठी वेगळा लेअर करावा. चेहऱ्याची एक बाजू सावलीत असेल, तर तो डोळा कमीच उजळायला हवा. दोन्ही डोळे सारखे उजळले तर डोक्यातला प्रकाश आणि डोळ्यांतला प्रकाश यांचा मेळ बसत नाही.

आता रंग. एक नव्हे, तीन घ्यावेत. बाहुलीभोवती मधाळ, R 170, G 120, B 55. मधल्या पट्ट्यात शेवाळी, R 125, G 120, B 75. कडेकडे राखाडी हिरवा, R 110, G 120, B 105. यांच्या H चे आकडे अनुक्रमे 34, 54 आणि 100 आहेत, म्हणजे एका बुबुळातच रंग पिवळटापासून हिरव्याकडे सरकतो. ब्रश गोल फिरवण्यापेक्षा बाहुलीकडून कडेकडे, तंतूंच्या दिशेने ओढावा. दोन रंगांची हद्द वाकडीतिकडी राहिली तर उत्तमच, निसर्गातही ती तशीच असते. शेवटी या लेअरची ओपॅसिटी 50 ते 60 टक्क्यांवर आणावी. खालचा मूळ तपकिरी थोडा झिरपू द्यायचा, कारण त्या मुलीच्या डोळ्यातले स्वतःचे बारीकसारीक रंगभेद त्यातच आहेत आणि ते कुणालाही हाताने रंगवता येणार नाहीत. जिम्प वापरणाऱ्यांना हेच काम HSL Color किंवा LCh Color मोडमध्ये करता येतं.

कॅचलाइटकडे मात्र वेगळं लक्ष द्यावं लागतं. पूर्ण पांढरा बिंदू Color मोडमध्ये पांढराच राहतो, म्हणून पुष्कळांना वाटतं की कॅचलाइट आपोआप सुरक्षित आहे. पण कॅचलाइटच्या कडा करड्या असतात, खिडकीच्या गजांची किंवा पापण्यांच्या केसांची बारीक सावली त्यात असते. या करड्या भागावर हिरवट रंग चढतो आणि चमक मळकट होते. त्यावर उपाय Blend If. रंगाच्या लेअरवर दोनदा टिचकी मारली की खाली Underlying Layer ची पट्टी दिसते. तिचा पांढरा त्रिकोण Alt दाबून, मॅकवर Option दाबून, दोन भागांत तोडायचा. एक भाग 150 वर ठेवायचा, दुसरा 200 वर. मग 200 च्या वरच्या उजळ बिंदूंवर रंग चढतच नाही आणि 150 ते 200 मध्ये तो हळूहळू विरत जातो. आपलं उजळलेलं बुबुळ 130 च्या वर फारसं जात नाही, त्यामुळे त्याचा रंग शाबूत राहतो. तरी उरलेली कड मास्कवर हाताने साफ करावी.

आणखी एक बारकावा आहे, तो साधला की डोळा जिवंत होतो. दिवा वर डावीकडे असेल तर कॅचलाइट वर डावीकडे दिसतो, पण बुबुळ मात्र खाली उजवीकडे जास्त उजळतं. पारदर्शक पडद्यातून वळलेला प्रकाश समोरच्या बाजूला जाऊन पडतो. मूळ फोटोत ही झाक असतेच, तिला Soft Light च्या लेअरवर पांढऱ्याचा अगदी फिकट हात द्यावा. कॅचलाइटच्या बाजूला उजेड वाढवला, तर सगळी मेहनत उलटी दिसते.

काम झालं की तपासणी दोन प्रकारे करावी. सगळ्यात वर एक Black & White लेअर टाकून मूळ आणि नवा फोटो आलटून पालटून पाहावा. रंग काढल्यावर तंतू, ठिपके, रिंगण आणि कॅचलाइटचा आकार दोन्हीकडे तोच दिसायला हवा. फक्त बुबुळ थोडं उजळ. मग तो लेअर बंद करून Info पॅनेलमध्ये H चे आकडे पाहावेत. ते जागोजागी वेगळे असतील तर काम जमलं. पुढे फोटो मुखपृष्ठावर जेवढा छापायचा, तेवढ्याच आकारात लांबून पाहावा. 300 टक्के मोठा करून सुंदर दिसलेला डोळा छापील आकारात अनेकदा भडक निघतो.

याच मुलीचे डोळे फिकट निळे करून द्या असं कुणी म्हटलं तर? R 140, G 170, B 190 या निळ्याचा उजळपणा 163 आहे. 51 पासून तिथवर जायचं म्हणजे उजेड तिपटीहून जास्त करायचा आणि त्याबरोबर अंधारात दडलेले कॅमेऱ्याचे दाणेही तेवढेच मोठे होतात. उजेड न वाढवता रंगवलं तर हाती R 28, G 58, B 78 असा जवळजवळ काळा निळा येतो. त्याहून मोठी अडचण शरीररचनेची आहे. निळ्या डोळ्यात निळं रंगद्रव्य नसतंच. मेलॅनिन फार कमी असल्याने प्रकाश तंतूंमध्ये विखुरतो आणि निळा दिसतो, त्यामुळे ते पांढरट तंतू ठळक उठून दिसतात. गडद तपकिरी डोळ्यात पुढच्या थरातलं दाट मेलॅनिन ते तंतू झाकून टाकतं. फोटोत जे टिपलंच गेलं नाही, ते उजळून बाहेर येणार नाही. दुसऱ्या कुणाचं बुबुळ आणून चिकटवता येतं, पण मग तो त्या मुलीचा डोळा राहत नाही.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. गडद तपकिरीवरून घारा, मधाळ किंवा फिकट तपकिरी करायला हरकत नाही, पोत राखून ते नीट होतं. फिकट निळा हवा असेल तर मॉडेलच फिकट डोळ्यांची निवडावी, आणि हे फोटो काढण्याआधी प्रकाशकाला सांगावं.