मेंदूच्या उंबरठ्यावर – ६ : जुलाबाची गोळी पेंग का आणत नाही?

या आठवड्यात लेवोडोपाबद्दल लिहायचं ठरलं होतं. ते पुढच्या आठवड्यावर ढकलतो आहे, कारण मधल्या काळात सांगलीहून एका वाचकांचं पत्र आलं. त्यांचं औषधांचं दुकान आहे. ते विचारतात, ‘रेणू लहान असेल आणि तेलात विरघळत असेल तर तो मेंदूत शिरतो, असं तुम्ही मागे लिहिलंत. लोपरामाइड या दोन्ही अटींत बसतं. वर ते अफूच्या कुळातलं. मग जुलाबासाठी माझ्याकडून ही गोळी नेणारं गिऱ्हाईक दुकानात परत येतं ते अगदी टवटवीत कसं?’

प्रश्न नेमका आहे आणि त्याचं उत्तर इतकं सुंदर आहे की त्याला अख्खा लेख द्यायला हवा.

अफू पोटावर आणि मेंदूवर दोन्हीकडे काम करते, हे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतं. अतिसारावर वैद्य जो कर्पूररस देत, त्यात अफू असे. मुंबईच्या गिरण्यांत कामाला जाणाऱ्या बायका तान्ह्या मुलाला अफूची बाळगोळी चाटवून जात, ती मूल झोपून राहावं म्हणून. एकच पदार्थ आतडं शांत करतो आणि डोकंही. याचं कारण अफूतलं मॉर्फिन ज्या रिसेप्टरला चिकटतं तो आतड्याच्या भिंतीतल्या चेतापेशींवरही आहे आणि मेंदूत श्वास व वेदना सांभाळणाऱ्या पेशींवरही. लोपरामाइड त्याच रिसेप्टरला चिकटतं. बेल्जियममधल्या बेअर्स या गावी पॉल यान्सेन यांच्या प्रयोगशाळेत १९६९ साली ते तयार झालं. त्याच प्रयोगशाळेनं काही वर्षं आधी फेंटानिल बनवलं होतं. भुलीच्या डॉक्टरांना ते मायक्रोग्रॅममध्ये मोजून द्यावं लागतं आणि जरा जास्त झालं की माणसाचा श्वास थांबतो. एकाच घरातली ही दोन औषधं, पण एक भूलतज्ज्ञाच्या कुलूपबंद कपाटात राहतं आणि दुसरं प्रवासाच्या पिशवीत.

आता आपला नियम लावून बघू. मॉर्फिनचा रेणुभार २८५, लोपरामाइडचा ४७७. म्हणजे लोपरामाइड मोठं आहे, पण लहान रेणूच्या पाचशेच्या मर्यादेच्या आतच. स्निग्धतेत तर ते मॉर्फिनच्या हजारो पट पुढे आहे. पेशीपटल स्निग्धच असतं, तेव्हा लोपरामाइडनं मॉर्फिनच्या कितीतरी आधी मेंदू गाठायला हवा होता. बरीच वर्षं यावर एक सोयीचं उत्तर दिलं जाई: ते आतड्यातून रक्तात फारसं जातच नाही, जे जातं त्याची यकृत वासलात लावतं. यात तथ्य आहे, पण ते अर्धंच आहे. रक्तात जे थोडं पोहोचतं त्यातलंही मेंदूत का दिसत नाही, याचं उत्तर त्यातून मिळत नव्हतं.

ते मिळालं ॲम्स्टरडॅममध्ये, तेही उंदरांच्या अंगावरच्या किडींमुळे. नेदरलँड्सच्या कर्करोग संस्थेत आल्फ्रेड शिंकेल आणि पीट बोर्स्ट यांचा गट एका प्रथिनावर काम करत होता. त्याचं नाव पी-ग्लायकोप्रोटीन. टोरांटोत १९७६ साली ते पहिल्यांदा सापडलं, औषधाला दाद न देणाऱ्या पेशींच्या पटलात. या पेशी आत आलेलं औषध हे प्रथिन वापरून बाहेर फेकत, म्हणून कर्करोगाच्या संशोधकांना त्यात रस. पुढे हेच प्रथिन निरोगी शरीरातही दिसलं: आतड्यात, मूत्रपिंडात, आणि मेंदूच्या केशवाहिन्यांच्या पेशींत. तिथे त्याचं काम काय, हे बघण्यासाठी शिंकेल यांनी त्याचं जनुक काढून टाकलेले उंदीर तयार केले. उंदीर धडधाकट होते, वाढत होते, त्यांना पिल्लं होत होती. काहीच बिघडलेलं दिसेना.

मग उंदरांच्या खोलीत किडी झाल्या. अशा वेळी नेहमी करतात तसं सगळ्यांवर आयव्हरमेक्टिन फवारलं. साधे उंदीर ठीक राहिले आणि जनुक काढलेले बहुतेक मेले. आयव्हरमेक्टिन किड्यांच्या चेतासंस्थेला लुळं करतं. सस्तन प्राण्यांच्या मेंदूतही त्याला पकडायला जागा आहे, पण ते तिथवर पोहोचत नाही म्हणून आपण ते निर्धास्त घेतो. शिंकेल यांनी मोजमाप केलं. जनुक नसलेल्या उंदरांच्या मेंदूत ते ८७ पट जास्त भरलं होतं, आणि ते उंदीर जवळपास शंभर पट कमी मात्रेत दगावत होते. १९९४ साली हे प्रसिद्ध झालं. दोनच वर्षांत त्यांनी हेच लोपरामाइड देऊन पाहिलं. रक्तातलं प्रमाण थोडंच वाढलं, मेंदूतलं मात्र साधारण तेरा पट. आणि ते उंदीर मॉर्फिन टोचल्यासारखे वागू लागले.

सांगलीच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. लोपरामाइड मेंदूच्या केशवाहिनीच्या पेशीत शिरतं, आपला नियम तिथपर्यंत बरोबरच आहे. पण पेशीच्या रक्ताकडच्या पटलात पी-ग्लायकोप्रोटीन बसलेलं असतं. स्निग्ध रेणू पटलातून आत सरकतानाच ते त्याला पकडतं, एटीपी खर्चून आपला आकार पालटतं आणि रेणू परत रक्तात सोडतं. होडीत फटीतून पाणी येत असतं आणि नावाडी उपसत असतो. तळ कोरडा दिसतो तो फट नाही म्हणून नव्हे, उपसा चालू आहे म्हणून. या प्रथिनाचा खिसाही ऐसपैस आहे, त्यामुळे एकमेकांशी काही साम्य नसलेली शेकडो औषधं ते पकडतं. उलटीवरचं डॉम्पेरिडोन त्यातलंच. सर्दीच्या जुन्या गोळीतलं क्लोरफेनिरामिन मेंदूत शिरून झोप आणतं आणि फेक्सोफेनाडिन आणत नाही, यातही या उपशाचा मोठा वाटा आहे.

माणसात हे खरं आहे का, हे अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठात २००० साली तपासलं गेलं. आठ निरोगी तरुणांना लोपरामाइड दिलं, एकदा नुसतं आणि एकदा क्विनिडिनबरोबर. क्विनिडिन हे हृदयाचं जुनं औषध, ते हा उपसा अडवतं. मग त्यांना कार्बन डायऑक्साइड मिसळलेली हवा श्वासात घ्यायला दिली. शाबूत मेंदू अशा वेळी श्वास जोरात करायला लावतो, अफूखालचा मेंदू ढिला पडतो. नुसत्या लोपरामाइडनं काही झालं नाही. क्विनिडिनबरोबर मात्र श्वासाची ती उसळी मंदावली, आणि रक्तातलं लोपरामाइड वाढण्याच्या आधीच मंदावली. म्हणजे बदल मेंदूच्या सीमेवर झाला होता.

दुकानदार वाचकांसाठी इथे थोडं थांबतो. माणसातला हा उपसा सहजासहजी बंद पडत नाही. सिॲटलमध्ये सायक्लोस्पोरिन देऊन केलेल्या मेंदूच्या पेट स्कॅनमध्ये अशाच एका औषधाचं मेंदूतलं प्रमाण दुपटीपर्यंतही गेलं नाही. तेव्हा नेहमीच्या मात्रेत घाबरायचं कारण नाही. पण क्लॅरिथ्रोमायसिन, इट्राकोनाझोल, व्हेरापामिल किंवा एचआयव्हीवरचं रिटोनाव्हिर चालू असलेल्या माणसाला ही गोळी डॉक्टरांना विचारूनच द्यावी. दोन वर्षांखालच्या मुलाला ती देऊच नये. आणि मात्रा मोडून कुणी मूठभर घेतली तर मेंदूच्या आधी हृदयाचे ठोके बिघडतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०१६ साली त्याबद्दल इशारा दिला आहे.

कुत्रा पाळणाऱ्यांनाही एक सांगायला हवं. कोली जातीच्या कित्येक कुत्र्यांत हेच जनुक जन्मतः मोडलेलं असतं. त्यातली चार अक्षरं गळालेली असतात, हे २००१ साली कळलं. ज्यांत दोन्ही प्रती मोडलेल्या असतात, त्यांना गोचीड-खरजेसाठी दिलेलं आयव्हरमेक्टिन डोक्यात जातं. आधी चाल लडखडते, लाळ गळते, बाहुल्या मोठ्या होतात, मग शुद्ध हरपते. त्यामुळे कोली किंवा तिच्या संकरातल्या कुत्र्याला इंजेक्शन देण्याआधी जात सांगावी. जनुकाची चाचणी होते.

जुलाबाच्या बाबतीत जो उपसा वरदान ठरला, तोच कर्करोगात जिवावर उठतो. फुप्फुसाच्या एका प्रकारच्या कर्करोगात एएलके नावाचं जनुक बिघडलेलं असतं. त्यावरचं क्रिझोटिनिब २०११ साली आलं आणि छातीतल्या गाठी झपाट्यानं ओसरू लागल्या. पण रुग्ण काही महिन्यांनी डोकेदुखी घेऊन येत आणि स्कॅनमध्ये मेंदूत नव्या गाठी दिसत. एका रुग्णात मोजलं तेव्हा रक्तात मिलीलिटरमागे २३७ नॅनोग्रॅम औषध होतं, आणि मेंदूभोवतीच्या द्रवात ०.६. क्रिझोटिनिब पी-ग्लायकोप्रोटीनच्या तावडीत सापडतं.

पहिला विचार साहजिकच उपसा बंद करण्याचा झाला. तसे रेणू बनले, पण फळ मिळालं नाही: माणसाच्या मेंदूपाशी उपसा पुरता थांबवायला लागणारी मात्रा जास्त, आणि आतड्या-मूत्रपिंडातलाही उपसा थांबल्यानं इतर औषधांचं गणित बिघडे. मग रसायनशास्त्रज्ञांनी उलट वाट धरली. औषधच असं घडवायचं की ते पंपाच्या खिशात नीट बसू नये. त्याची चाचणी मला फार आवडते. एका पातळ चाळणीवर पी-ग्लायकोप्रोटीन असलेल्या पेशींचा एकसंध थर वाढवतात. औषध एकदा वरच्या कप्प्यात घालून खाली किती उतरलं ते मोजतात, एकदा खाली घालून वर किती आलं ते. दोन्ही दिशांचा वेग सारखा असेल तर उपसा नाही. बाहेर फेकण्याचा वेग आत येण्याच्या दुपटीहून जास्त निघाला तर संशय घ्यायचा. मग पंप अडवणारं औषध घालून पुन्हा मोजायचं. फरक नाहीसा झाला तर संशय खरा.

या चाळणीतून एकेक रेणू गाळत गेल्यावर लोरलाटिनिब हाती आलं. त्याची दोन टोकं जोडून कडं केलेलं आहे. त्यामुळे रेणू आटोपशीर राहतो आणि पंपाला त्याची पकड जमत नाही. २०१८ साली त्याला मान्यता मिळाली. पहिल्यापासून लोरलाटिनिब घेणाऱ्यांत पाच वर्षांनी मेंदूतला आजार न वाढलेल्यांचं प्रमाण ९२ टक्के आहे, क्रिझोटिनिब घेणाऱ्यांत २१. कर्करोगाच्या औषधांत इतकी दरी मी क्वचितच पाहिली आहे.

पण जे औषध मेंदूत पोहोचतं, ते मेंदूतल्या निरोगी पेशींपर्यंतही पोहोचतं. लोरलाटिनिब घेणाऱ्या काहींना शब्द आठवत नाहीत, बोलणं संथ होतं, चिडचिड वाढते किंवा मन खचतं; क्वचित भासही होतात. गोळी काही दिवस थांबवून कमी मात्रेत पुन्हा सुरू केली की बहुतेकांचं हे ओसरतं. मात्र रुग्णाला स्वतःतला हा बदल बरेचदा जाणवत नाही, म्हणून तपासणीला येताना घरातलं माणूस बरोबर असावं आणि डॉक्टरांनी त्यालाही विचारावं.